दुसरी एनव्हीएमई आणि गायब होणारे साटा पोर्ट : प्रकल्प नोंदी

3 फेब्रुवारी

सध्याचं मशीन असं आहे: झेड 170 चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर चिपसेटचे सहा साटा पोर्ट आणि सहाही भरलेले. प्रत्येकी 4 टीबीच्या सहा डिस्क `mdadm`च्या रेड 6 मध्ये आहेत, म्हणजे वापरायला 16 टीबी मिळतात आणि कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. लिनक्स पहिल्या एम.2 खाचेतल्या, म्हणजे `M.2_1` मधल्या एनव्हीएमईवरून सुरू होतं. ग्राफिक्स कार्ड नाही.

काम एवढंच आहे की `M.2_2` ही दुसरी खाच रिकामी आहे, तिथे 1 टीबीची एनव्हीएमई बसवून फाइलींच्या शोधसूचीचा डेटाबेस फिरत्या डिस्कवरून तिच्यावर हलवायचा. स्क्रू लावायला दोन मिनिटं पुरतील. पण सहाही साटा पोर्ट वापरात असलेल्या मशीनमध्ये एम.2 खाचेला हात लावण्याआधी मॅन्युअल वाचायलाच हवं, कारण इथे दोन पोर्ट बंद पडले तर रेड 6 ची सगळी पुंजी एका झटक्यात संपते. अ‍ॅरे चालू राहील, पण तिसरी डिस्क बिघडायची खोटी, की सगळंच गेलं.

4 फेब्रुवारी

मॅन्युअल. या प्रश्नाचं उत्तर एका जागी कधीच पूर्ण सापडत नाही, म्हणून तीन जागा वाचल्या.

पहिली जागा म्हणजे सुरुवातीचा वैशिष्ट्यांचा तक्ता. त्यात 'स्टोरेज' या रकान्यात सहा साटा पोर्ट आणि दोन एम.2 खाचा अशी यादी आहे. ती वाचली की वाटतं, सहा अधिक दोन असे आठ ड्राइव्ह लागतील. पण `M.2_2` च्या नावापुढे एक फुली आहे आणि त्या फुलीची टीप तक्त्याच्या तळाशी, पान उलटल्यावर, बारीक अक्षरात आहे. तिचा मथितार्थ: ही खाच एक्स4 मध्ये चालत असेल तर `SATA6G_5` आणि `SATA6G_6` बंद राहतील.

दुसरी जागा म्हणजे बोर्डाच्या चित्रांच्या प्रकरणातलं एम.2 खाचेचं पान. तिथे कोणत्या खाचेत कोणत्या प्रकारचा ड्राइव्ह चालतो ते दिलंय. `M.2_1` मध्ये पीसीआयई आणि साटा दोन्ही चालतात, `M.2_2` मध्ये फक्त पीसीआयई. आणि `M.2_1` बद्दलची एक ओळ: त्यात साटा प्रकारचा एम.2 ड्राइव्ह बसवला तर `SATA6G_1` बंद पडेल. आमच्या `M.2_1` मध्ये एनव्हीएमई आहे, म्हणून आजवर हा पोर्ट सुखरूप आहे. खाच तीच, आकार तोच, पण ड्राइव्हची जात बदलली की परिणाम बदलतो. मॅन्युअलातलं वाक्य वाचताना 'एम.2 ड्राइव्ह बसवला तर' असं म्हटलंय की 'साटा मोडमध्ये' किंवा 'पीसीआयई मोडमध्ये' असं म्हटलंय, हा शब्द सोडता कामा नये.

तिसरी जागा बायोसचं प्रकरण, आणि तिथपर्यंत फार थोडे लोक जातात. `M.2_2` साठी तिथे तीन पर्याय सापडले: ऑटो, एक्स2 आणि एक्स4. ऑटोमध्ये खाचेत ड्राइव्ह दिसला की एक्स4 लागू होतं. एक्स2 निवडलं तर दोन्ही साटा पोर्ट चालू राहतात. तक्त्याच्या तळटीपेत या सुटकेचा उल्लेखही नाही.

मॅन्युअल दीडशे पानांचं आहे, त्यामुळे डोळ्यांनी शोधण्यापेक्षा हे सोपं पडलं:

```
pdftotext -layout manual.pdf manual.txt
grep -n -i -E 'm\.2_|sata6g|share|disabled|unavailable' manual.txt
```

`share` आणि `disabled` हे दोन्ही शब्द शोधावे लागतात, कारण एकच गोष्ट एका पानावर एका शब्दात आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्याच शब्दात लिहिलेली असते. शिवाय मॅन्युअल आपल्याच बोर्डाचं आहे ना, हे बोर्डावर छापलेल्या पूर्ण नावाशी आणि रिव्हिजनशी ताडून घेतलं. नावातलं एखादं अक्षर वेगळं असलं तरी खाचांची जोडणी वेगळी असू शकते.

6 फेब्रुवारी

सहकारी आज मॅन्युअलचं पान बघून म्हणाली, "अरे, इथे तर 'बँडविड्थ शेअर करते' एवढंच लिहिलंय. म्हणजे दोन्ही चालतील, फक्त थोडी हळू. बंद कशाला पडतील?"

शंका अगदी रास्त आहे आणि बहुतेक जण फसतात ते याच शब्दामुळे, म्हणून कारण नीट लिहून ठेवतो.

झेड 170 हा 2015 सालचा चिपसेट. त्यातून बाहेर पडणाऱ्या वेगवान वाहिन्या एकूण 26 आहेत. इंटेल त्यांना एचएसआयओ लेन म्हणतं. त्यातल्या 20 पीसीआयई म्हणून वापरता येतात. आता सहा साटा पोर्टांसाठी वेगळ्या सहा लेन असतील असं आपण गृहीत धरतो, पण तशा त्या नाहीतच. सहाही साटा पोर्ट त्या 20 मधल्याच काही लेनवर बसवलेले आहेत. म्हणजे चिपसेटच्या त्या पिनेमागचं सर्किट एकतर पीसीआयई बोलतं, नाहीतर साटा. काय बोलायचं ते मशीन सुरू होतानाच ठरतं आणि मशीन चालू असेपर्यंत तेच राहतं. रेल्वेच्या सांध्यासारखं आहे हे: गाडी एका रुळावर वळवली की दुसरा रूळ रिकामा, अर्धी गाडी इकडे नि अर्धी तिकडे जात नाही.

आणि तारांचाही प्रश्न आहे. एवढ्या वेगाचा सिग्नल एकाच पिनेवरून दोन सॉकेटांपर्यंत नुसता फाटा काढून नेता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी बोर्डावर सहसा एक लहान स्विच चिप असते, ती ती लेन साटा सॉकेटकडे तरी देते किंवा एम.2 कडे तरी.

म्हणून मॅन्युअलात 'शेअर' लिहिलेलं असतं तेव्हा त्याचे दोन अगदी निराळे अर्थ निघू शकतात. एक अर्थ असा की चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यामधला दुवा सगळ्यांचा मिळून एकच आहे. झेड 170 मध्ये तो डीएमआय 3.0, सुमारे 3.9 जीबी प्रति सेकंद. तिथे खरोखरच सगळे चालतात आणि गर्दी झाली तर हळू होतात. आमच्या सहा फिरत्या डिस्क एकदम धावल्या तरी जेमतेम 1.2 जीबीची मागणी होईल, त्यामुळे त्याची चिंता नाही. दुसरा अर्थ म्हणजे लेनचीच वाटणी, आणि तिथे एक बंद पडल्याशिवाय दुसरं चालू होत नाही. वाक्यात साटा पोर्टाचा नंबर दिलेला असेल तर अर्थ जवळजवळ नेहमी हा दुसराच असतो.

चिपसेटच्या डेटाशीटमधला लेनचा तक्ता आणि मॅन्युअलातल्या टिपा एकमेकांशेजारी ठेवल्यावर आमच्या बोर्डाचा नकाशा असा निघाला. डावीकडचे आकडे चिपसेटच्या पीसीआयई लेनचे आहेत:

```
9  10 11 12   M.2_1
13 14 15 16   SATA6G_1  _2  _3  _4
17 18         SATA6G_5  _6   किंवा   M.2_2
19 20         M.2_2
```

1 ते 8 या लेन यूएसबी, नेटवर्क आणि छोट्या खाचांकडे गेल्यात, त्यांचा इथे संबंध नाही.

हा नकाशा हाती आल्यावर मॅन्युअलातल्या सगळ्या टिपा एकदम समजतात. `M.2_2` ला एक्स4 हवं असेल तर 17 ते 20 अशा चारही लेन लागतात, मग पाचवा आणि सहावा पोर्ट जाणारच. एक्स2 वर भागवलं तर 19 आणि 20 पुरतात, 17 आणि 18 साटाकडे राहतात. `M.2_1` च्या लेनवर आमचा एकही साटा पोर्ट नाही, म्हणून पहिल्या एनव्हीएमईने काहीच बंद पडलं नाही.

मग तिथे साटा एम.2 बसवल्यावर `SATA6G_1` का जातो? डेटाशीटप्रमाणे चिपसेटच्या पहिल्या साटा पोर्टाला बाहेर पडायला दोन दारं आहेत, लेन 9 आणि लेन 13. पोर्ट मात्र एकच. एम.2 मधल्या साटा ड्राइव्हला तो लेन 9 वर दिला की लेन 13 वरच्या सॉकेटमागे कोणी उरत नाही. खाचेत कोणत्या जातीचा ड्राइव्ह बसलाय हे बोर्डाला एम.2 च्या 69 क्रमांकाच्या पिनेवरून कळतं: साटा ड्राइव्ह ती ग्राउंडला जोडतो, पीसीआयई ड्राइव्ह मोकळी सोडतो.

सहकारी म्हणाली, "मग बोर्ड बनवणाऱ्यांनी `M.2_2` दुसऱ्या लेनवर का नाही घातली?" घातली असती तर तिथलं दुसरं काहीतरी गेलं असतं, एखादी विस्तार-खाच किंवा यूएसबी पोर्ट. 20 लेनमध्ये सगळं बसवायचं तर वाटणी अटळ आहे, आणि दोन एनव्हीएमई अन् सहा साटा एकदम वापरणारे थोडेच. निवड मला योग्यच वाटते. फक्त ती तळटीप तक्त्यातच, ठळक अक्षरात हवी होती.

9 फेब्रुवारी

आज प्रत्यक्ष बसवून पाहिलं. डेटा डिस्क जोडलेल्या ठेवून हा प्रयोग करायचा नाही. बूट होताना दोन डिस्क सापडल्या नाहीत तर लिनक्स थोडा वेळ वाट बघून उरलेल्या चारांवर अ‍ॅरे सुरू करू शकतं. त्यावर काही लिहिलं गेलं की वगळलेल्या दोन डिस्क मागे पडतात आणि परत जोडल्यावर आपोआप आत घेतल्या जात नाहीत. आमच्या अ‍ॅरेवर बिटमॅप आहे, त्यामुळे `mdadm --re-add` ने फक्त बदललेला भाग भरून निघेल. तो नसेल तर दोन्ही डिस्क मुळापासून पुन्हा भराव्या लागतात.

म्हणून आधी अ‍ॅरे थांबवली, `/etc/fstab` मधली तिची ओळ तात्पुरती बंद केली, कारण अ‍ॅरे सापडली नाही म्हणून बूट अर्ध्यात अडकायला नको, आणि मशीन बंद करून सहाही डेटा डिस्कांची पॉवर काढली. पोर्ट चालू आहे की नाही हे बघायला त्यावर डिस्क असण्याची गरजच नाही. कर्नल साटा कंट्रोलरला विचारून कोणते पोर्ट अस्तित्वात आहेत ते लॉगमध्ये लिहितो:

```
dmesg | grep -E 'ahci|ata[0-9]+:'
```

`M.2_2` रिकामी असताना `ahci 0000:00:17.0` च्या ओळीत `0x3f impl` दिसलं. बायनरीत मांडलं तर 3f म्हणजे 111111, सहाही पोर्ट हजर. मग नवी एनव्हीएमई बसवली, बायोसमध्ये ऑटो तसंच ठेवलं आणि पुन्हा सुरू केलं. आता तिथे `0xf impl` आलं, म्हणजे 1111, चारच. खाली `ata5` आणि `ata6` समोर `DUMMY` असा शब्द.

हे `DUMMY` फार उपयोगी आहे. केबल सैल असेल किंवा डिस्क मेली असेल तर पोर्ट यादीत असतो आणि समोर `SATA link down` येतं. लेनच काढून घेतली असेल तर आमच्या मशीनवर पोर्टच नाही असं येतं. डिस्क दिसेनाशी झाली की माणूस आधी केबल बदलतो, मग डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघतो, आणि ती तिथे व्यवस्थित चालते म्हणून आणखी बुचकळ्यात पडतो. ही एक ओळ वाचली तर एवढा खटाटोप वाचतो. सगळेच बायोस पोर्ट असे यादीतून काढत नाहीत, काहींवर बंद पोर्टसमोरही नुसतं `SATA link down` येऊ शकतं. तेव्हा ओळखायची खूण ही की पोर्ट जोडीने गेलेत आणि एम.2 ड्राइव्ह काढला की परत येतात.

नंबरांची एक खुबी इथेच लिहून ठेवतो. बोर्डावर पोर्ट 1 ते 6 असे छापलेत, चिपसेटच्या डेटाशीटमध्ये तेच 0 ते 5 आहेत, आणि लिनक्समध्ये पुन्हा `ata1` पासून सुरुवात होते. आमच्या बोर्डावर दुसरा साटा कंट्रोलर नाही, म्हणून `SATA6G_5` म्हणजे `ata5` हे जुळतं. काही बोर्डांवर वेगळ्या चिपचे जादा साटा पोर्ट असतात, त्यांची नावंही वेगळी असतात. चिपसेटच्या लेनची वाटणी त्यांना लागू होत नाही, पण त्यांच्यामुळे लिनक्सचे नंबर पुढे सरकू शकतात. त्यामुळे बंद पडणाऱ्या सॉकेटमध्ये कोणती डिस्क आहे हे `sda`, `sdb` वरून ठरवायचं नाही. `ls -l /dev/disk/by-path` आणि `/dev/disk/by-id` मिळून पोर्ट आणि डिस्कचा सिरियल नंबर दोन्ही सांगतात.

10 फेब्रुवारी

बायोसमध्ये `M.2_2` एक्स2 केली. सुरू झाल्यावर पुन्हा `0x3f impl`, आणि एनव्हीएमईसुद्धा हजर. खात्रीसाठी पाचव्या पोर्टला एक जुनी, रिकामी साटा डिस्क लावून पाहिली, ती लगेच दिसली. सहाव्यालाही तसंच.

एनव्हीएमईचा दुवा खरंच दोन लेनचा आहे का तेही तपासलं:

```
sudo lspci -vv | grep -E 'Non-Volatile|LnkCap:|LnkSta:'
```

`LnkCap` मध्ये `Width x4`, म्हणजे ड्राइव्हची ऐपत, आणि `LnkSta` मध्ये `Speed 8GT/s`, `Width x2`, म्हणजे प्रत्यक्ष जुळलेला दुवा.

आता प्रश्न हा की एक्स2 वर समाधान मानायचं का. पीसीआयई 3.0 ची एक लेन साधारण 985 एमबी प्रति सेकंद नेते, म्हणजे दोन मिळून जवळपास 1.97 जीबी. डेटाबेसच्या छोट्या छोट्या वाचनांना एवढी रुंदी लागतच नाही. तिथे महत्त्व असतं ते उत्तर यायला लागणाऱ्या वेळेला, आणि तो लेन निम्म्या केल्याने फारसा बदलत नाही. बाहेर जाणारं नेटवर्क एक गिगाबिट, म्हणजे 125 एमबी. मोठ्या फाइली एका एनव्हीएमईवरून दुसरीवर सतत हलवायच्या असत्या तर मी वेगळा विचार केला असता.

त्या वेगळ्या विचारात पहिला पर्याय प्रोसेसरला थेट जोडलेली मोठी पीसीआयई खाच हा आहे. ग्राफिक्स कार्ड नसल्याने ती रिकामीच आहे. तिथे साध्या अडॅप्टर कार्डावर एक एनव्हीएमई बसवली तर ती पूर्ण एक्स4 वर चालेल, चिपसेटच्या लेनना स्पर्शही होणार नाही आणि डीएमआयचा दुवाही मधे येणार नाही. पण ती खाच मला पुढे जादा डिस्कांच्या कंट्रोलर कार्डासाठी राखून ठेवायची आहे. सबब एक्स2.

12 फेब्रुवारी

सहकारीने तिच्या घरच्या एएम4 बोर्डाचं मॅन्युअल आणलं होतं. तिलाही दुसरा ड्राइव्ह लावायचाय. तिथे वाटणीचं तत्त्व तेच आहे, जागा मात्र बदलते. एएम4 च्या प्रोसेसरमधूनच स्टोरेजसाठी चार लेन येतात, आणि त्या बोर्डाच्या रचनेनुसार एकतर एक्स4 एनव्हीएमई म्हणून किंवा एक्स2 एनव्हीएमई अधिक दोन साटा म्हणून वापरता येतात. बाकीचे साटा पोर्ट चिपसेटचे. त्यामुळे तिच्या बोर्डावरच्या साटा पोर्टांपुढे 'प्रोसेसरकडून' किंवा 'चिपसेटकडून' काय लिहिलंय ते आधी पाहिलं. शिवाय एएम4 च्या मॅन्युअलात तोच तक्ता प्रोसेसरच्या प्रकारानुसार दोनतीनदा छापलेला असतो. आपला प्रोसेसर कोणत्या रकान्यात येतो ते ठरवल्याशिवाय पुढची टीप वाचून उपयोग नाही.

तिच्या बोर्डावर पहिल्या खाचेला कसलीच टीप नाही, दुसरीला आहे. तिच्याकडे साटा डिस्क दोनच आहेत आणि बंद होणारे पोर्ट शेवटचे दोन, तेव्हा तिने नुसत्या केबली पहिल्या दोन पोर्टांत ठेवल्या की झालं. "एवढंच?" म्हणाली. हो, एवढंच. पोर्ट बंद पडणं हे संकट तेव्हाच, जेव्हा त्यावर काहीतरी टांगलेलं असतं.

15 फेब्रुवारी

सहाही डेटा डिस्कांची पॉवर परत जोडली, `fstab` ची ओळ चालू केली. `/proc/mdstat` मध्ये `[6/6] [UUUUUU]`. डेटाबेस नव्या एनव्हीएमईवर हलवला. रात्रभर अ‍ॅरेची पूर्ण पडताळणी लावली होती:

```
echo check | sudo tee /sys/block/md0/md/sync_action
```

सकाळी `mismatch_cnt` शून्य.

एक धोका मात्र शिल्लक आहे. बायोस अपडेट केलं किंवा बोर्डाची बॅटरी संपली तर सेटिंग मूळ स्थितीला, म्हणजे ऑटोवर जाईल, आणि पुढच्या बूटला पाचवी-सहावी डिस्क पुन्हा गायब होईल. त्यासाठी बूट होताना, अ‍ॅरे जुळायच्या आधी, `dmesg` मध्ये `0x3f impl` आहे का ते बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे. नसेल तर अ‍ॅरे सुरूच करायची नाही. केसच्या झाकणाच्या आत चिठ्ठी लावली: "`M.2_2` एक्स2 वर ठेवणे. ऑटो केल्यास `SATA6G_5` व `SATA6G_6` बंद." सोबत त्या दोन डिस्कांचे सिरियल नंबर.